धान्य होतं, दरही चढा होता, मग व्यापारी तिकडे माल घेऊन का गेला नाही? (बंगाल, १९४३)

तिरपं_ऊन

एक साधी शंका आहे, पण ती मला सोडत नाहीये.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल आता सगळेच म्हणतात की धान्य अजिबात नव्हतं असं नाही. अमर्त्य सेन यांच्या हिशोबाने त्या वर्षी बंगालमध्ये उपलब्ध असलेला तांदूळ आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे ५ टक्क्यांनीच कमी होता आणि १९४१ पेक्षा तर १३ टक्क्यांनी जास्त. १९४१ मध्ये दुष्काळ पडला नाही. १९४३-४४ मध्ये सरकारी चौकशी आयोगाच्या अंदाजाने १५ लाख आणि नंतरच्या अभ्यासकांच्या मते २१ ते ३० लाख माणसं गेली.

इथपर्यंत ठीक. पण जिथे माणसं मरत होती तिथे तांदळाचा दर आभाळाला भिडला होता. मग व्यापाऱ्याने नफ्यासाठी तरी माल तिकडे न्यायला हवा होता. कुणाला दया येण्याची गरजच नव्हती, लोभ पुरेसा होता. तो लोभ कुठे अडला?

"इंग्रज वाईट होते" हे उत्तर मला माहीत आहे. ते सोडून बोला.

फोडणीचं_वरण

साठेबाजी! व्यापाऱ्यांनी माल दाबून ठेवला. सरळ आहे.

बारदान

तितकं सरळ नाही. जून १९४३ मध्ये बंगाल सरकारने गावोगावी साठे शोधायची मोहीम काढली होती. साठेबाजांच्या गोदामांत डोंगर सापडतील अशी अपेक्षा होती, निघालं फारच थोडं. साठा होता, पण तो लाखो घरांत थोडा थोडा होता. ज्याच्याकडे दोन महिने पुरेल इतकं धान होतं त्याने भीतीने चार महिन्यांचं ठेवलं. त्याला साठेबाज म्हणा किंवा संसारी माणूस म्हणा.

तिरपं_ऊन, तुमच्या प्रश्नाचं माझ्या मते पहिलं उत्तर एका शब्दात आहे: होडी.

पूर्व बंगालचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पद्मा, मेघना आणि त्यांना फुटलेल्या शेकडो खाड्या. पावसाळ्यात गावं बेटांसारखी उभी राहतात आणि बैलगाडीला वाटच नसते. तिथला धान्यव्यापार तीन पायऱ्यांचा. फडिया छोट्या होडीने दारोदार फिरून दोन-चार मण गोळा करायचा. त्याच्याकडून बेपारी मोठ्या होडीत माल भरून घ्यायचा. बेपाऱ्याचा माल आडतदाराकडे उतरायचा. हो, आडत हा आपलाच शब्द, तिकडेही तोच. तुटवड्याच्या भागात माल जायचा तोही याच साखळीने उलट्या दिशेने, म्हणजे आडतीतून बेपारी, बेपाऱ्याकडून हाट.

मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं. जपानी सैन्य समुद्राकडून बंगालमध्ये उतरेल आणि त्याला होड्या आयत्या मिळतील, या भीतीने सरकारने किनारी जिल्ह्यांतल्या दहा किंवा जास्त माणसं बसतील अशा होड्या काढून घ्यायचं ठरवलं. नोंद झाली सुमारे ६६ हजारांची. त्यातल्या ४५ हजारांच्या आसपास हलवल्या, मोडल्या किंवा निकामी केल्या.

आता "दहा माणसं" या मापाकडे बघा. दहा माणसं म्हणजे साधारण सहाशे किलो, म्हणजेच बंगाली सोळा मण. एका बैलगाडीच्या ओझ्याहून फार जास्त नाही. लष्करी भाषेत ती मोठी होडी असेल, धान्याच्या व्यापारात ती कामचलाऊ होडी. म्हणजे त्या पट्ट्यात मधली बेपाऱ्याची पायरीच उपटली गेली.

वेताळ_पंचविशी

बारदान, तुमचा मणाचा हिशोब चुकतोय. मण १२-१३ किलोचा. जुन्या मुंबई इलाख्याच्या कागदपत्रांत २८ पौंडांचा मण आहे. म्हणजे सहाशे किलोचे पंचेचाळीस-पन्नास मण होतात.

बारदान

तो मुंबईचा मण. बंगालचा मण, जो रेल्वेनेही धरला होता, तो ८२ पौंडांच्या थोडा वर, म्हणजे सव्वासदतीस किलो. चाळीस शेराचा. पुढे दर येणार आहेत ते याच मणाचे आहेत, तेवढं धरून ठेवा. नाहीतर सगळा धागा तिप्पट महाग होईल.

वेताळ_पंचविशी

बरं. झाडावर परत जातो.

नदीकाठची_सखू

होड्यांबद्दल एक भर. त्या गेल्या म्हणजे फक्त वाहतूक गेली असं नाही. कोळी होडीवर, नावाडी होडीवर. कुंभार माती आणायला आणि मडकी विकायला होडीवर. चर म्हणजे नदीतली गाळाची बेटं, तिथे शेत असलेला शेतकरीही होडीनेच पलीकडे जायचा. म्हणजे जिथे तांदूळ पोहोचणं बंद झालं, तिथेच तांदूळ विकत घेणाऱ्याची कमाईही बंद झाली, आणि तीही एकाच हुकुमाने.

होडीच्या मालकाला भरपाई मिळाली. पण ती एकदाच मिळाली, होडी रोज कमवायची. आणि ज्याची होडी नव्हती, जो नुसता वल्हं मारून पोट भरत होता, त्याची तर नोंदच नव्हती.

ताब्यात घेतलेल्या होड्या ठरावीक ठिकाणी नेऊन उभ्या केल्या होत्या. लाकडी होडी नुसती उभी राहिली की मरते. तिला दरवर्षी कोरडीवर ओढून सांधे भरावे लागतात, बुडाला लेप द्यावा लागतो. बंगालमध्ये त्यासाठी गाब नावाच्या फळाचा चिकट रस वापरतात, जाळ्यांनाही तोच. ते करणारं कुणी उरलं नाही, त्यामुळे बऱ्याच होड्या जागेवरच कुजल्या. पुढे धोरण ढिलं झालं तरी परत द्यायला धड होड्या नव्हत्या.

कडबाकुट्टी

इतका उलटा विचार कशाला? रेल्वे होती ना. आपल्याकडे रेल्वे आली आणि दुष्काळात माणसं मरायची थांबली हे शाळेत शिकलोय. जिथे रेल्वे तिथे धान्य.

बारदान

अर्धं बरोबर आहे. रेल्वे धान्य आणते, पण रूळ दोन्ही दिशांना जातात.

१८७६-७७ चं दख्खन आणि मद्रास बघा. रेल्वे होती. तिने धान्य आणलंही, ज्याच्याकडे पैसा होता त्याच्यासाठी. त्याच काळात हिंदुस्थानातून गहू इंग्लंडला जातही होता, कारण तिकडचा ग्राहक रोख देत होता. आणि रेल्वे स्टेशनपर्यंत आणते, पुढे काय? स्टेशनावर पोत्यांच्या थप्प्या लागल्या आणि गावात पोचेना, असं झालं.

कारण साधं आहे. बैलगाडी धरा पाच क्विंटलची. बैलजोडी रोज बारा-पंधरा किलो सुका चारा खाते आणि वीसेक किलोमीटर चालते. गाव स्टेशनापासून दीडशे किलोमीटर असेल तर जाऊन-येऊन पंधरा दिवस, म्हणजे दोनशे किलो चारा. एरवी तो वाटेत मिळतो. दुष्काळात वाटेवर चाराही नसतो, पाणीही नसतं, म्हणून गाडीतच भरावा लागतो. कडबा वजनाला हलका पण जागा खातो, दोनशे किलोत अर्धी गाडी गेली. वरून जोडी वाटेत बसली तर मालासकट गाडी गेली. कोणता गाडीवान जाईल?

कडबाकुट्टी

माझं नाव सार्थकी लागलं म्हणायचं.

तिरपं_ऊन

हे आवडलं. पण बारदान, बंगालमध्ये चाऱ्याचा प्रश्न नव्हता आणि सगळ्याच होड्या गेल्या नव्हत्या. किनारी पट्टा सोडून बाकीचा बंगाल होता. आणि शेजारी बिहार, ओरिसा, आसाम. तिथला तांदूळ?

मुनीमजी

तिथे प्रांतबंदी. आधी कागद समजून घ्या. १९४२ मध्ये एकेका प्रांताने आपलं धान्य बाहेर जायला बंदी घातली. प्रत्येकाच्या दृष्टीने ते शहाणपणाचं होतं. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झालाय, युद्ध चालू आहे, आपलं आधी सांभाळा. सगळे एकदम शहाणे झाले आणि देशाचा बाजार तुकड्यांत तुटला.

याचा पुरावा दरांत आहे. डिसेंबर १९४२ च्या मध्यास कलकत्त्याला तांदळाचा घाऊक दर मणाला १३-१४ रुपये. (तो आधीच चढलेला होता.) १२ मार्च १९४३ ला २१. मे अखेरीकडे ३० च्या वर. २० ऑगस्टला ३७. ऑक्टोबरात चितगावहून कळवलेला दर ८०, आणि ढाक्याच्या बाजूने तर १०० च्या वरचे आकडे.

आता व्यापाऱ्यासारखं बघा. महिने थोडे मागेपुढे आहेत, तरी दोन पेठांत दुपटीचा फरक म्हणजे वेड. भाडं, हमाली, तोलाई, बारदान, तूटफूट, सगळं धरून मणामागे काही रुपये. त्याच्यावर जेवढा फरक उरतो तेवढा अडथळा. चालत्या बाजारात इतका फरक आठवडाभरसुद्धा टिकत नाही. तो महिनोन्‌महिने टिकला, म्हणजे मधला रस्ता बंद आहे. तो होडीने असो, परवान्याने असो की वॅगनच्या तुटवड्याने.

त्यामुळे तुमच्या मूळ प्रश्नाची मांडणीच मी उलटी करेन. दर चढा असूनही व्यापारी का गेला नाही, असं नाही. व्यापाऱ्याला जाता येत नव्हतं म्हणूनच दर एवढा चढा राहिला.

बारदान

मुनीमजींच्या चितगावच्या आकड्याला जोडून. कलकत्त्याहून चितगावला पोतं कसं जायचं बघा. सियालदहला मोठ्या रुळाच्या वॅगनमध्ये चढायचं. गोआलंदोला उतरून स्टीमरवर. स्टीमरने चांदपूर. तिथे परत उतरून छोट्या रुळाच्या वॅगनमध्ये, मग चितगाव. म्हणजे तीन वेळा चढवणं आणि तीन वेळा उतरवणं, आणि हे सगळं शहर गाठेपर्यंत. शहरापासून हाटापर्यंत परत होडी, जी नाही. शिवाय चितगाव म्हणजे आराकान आघाडीचं दार. वॅगन आणि स्टीमर दोन्हींवर पहिला हक्क लष्कराचा.

त्यात जुलै १९४३ मध्ये दामोदर नदीचा बांध फुटला आणि पश्चिमेकडून कलकत्त्याला येणारा मुख्य रेल्वेमार्गही बंद पडला. दुखण्यावर डागणी.

शंकासूर

मग मे महिन्यातल्या मुक्त व्यापाराचं काय? पूर्वेकडच्या प्रांतांमधली बंदी मे १९४३ मध्ये उठवली होती ना? तरी दुष्काळ पडलाच. मग प्रांतबंदीचा सिद्धान्त लंगडा.

मुनीमजी

चांगला मुद्दा. १८ मेपासून बंदी उठली. कलकत्त्याचा दर थोडे दिवस खाली आलाही. पण काय झालं बघा: कलकत्त्याचे खरेदीदार पैशाच्या थैल्या घेऊन बिहार-ओरिसात उतरले आणि तिथले दर भडकले. तिथल्या सरकारांनी आरडाओरडा केला. ऑगस्ट उजाडेपर्यंत परत बंदी.

बंदी उठली तेव्हा धान्य हललं, म्हणजे ते होतं. पण ते ८० रुपये दर असलेल्या खेड्याकडे गेलं नाही, कलकत्त्याकडे गेलं. तेव्हा शंकासूर, मी माझं वाक्य दुरुस्त करतो. रस्ता मोकळा होणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे पलीकडच्या टोकाला रोख पैसा.

नदीकाठची_सखू

आणि तो पैसा कुणाकडे होता हाच सगळा खेळ.

ऑगस्ट १९४२ पासूनच कलकत्त्यातल्या मोठ्या उद्योगांच्या कामगारांना स्वस्त दराने तांदूळ मिळायची व्यवस्था होती. कारण उघड आहे, ताग आणि दारूगोळ्याचे कारखाने थांबून चालणार नव्हतं. पुढे सरकारी नोकर, रेल्वे, बंदर सगळे त्यात आले. त्यांच्यासाठी सरकारचे खरेदीदार खेड्यातून मिळेल त्या दराने तांदूळ उचलत होते. ११ मार्च १९४३ ला दरनियंत्रण उठलं आणि मग कुणालाच लगाम राहिला नाही. शहराला ३७ चा दर लागतच नव्हता, त्याला सवलतीत मिळत होतं. खेड्यातल्या मजुराला मात्र शहराने चढवलेल्या दराशी स्पर्धा करायची होती.

एका रुपयाचा हिशोब करू. डिसेंबर ४२ ला घाऊक दराने रुपयाला पावणेतीन किलो तांदूळ यायचा. ऑगस्टमध्ये एक किलो. चितगावला ऑक्टोबरात अर्धा किलोसुद्धा नाही. शेतमजुराची मजुरी या काळात थोडी वाढली, पण या वेगाने नाही. भातलावणी संपली की कापणीपर्यंत, म्हणजे ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर, त्याला कामही नसतं. बरोबर त्याच महिन्यांत दर शिखरावर.

आणि हे फक्त मजुराचं नाही. महागाई आली की लोक पहिलं काय बंद करतात? हजामत. मासे. दूध. नवं मडकं. नवी छत्री. म्हणून न्हावी, कोळी, गवळी, कुंभार, सुतार यांच्या मालाचा किंवा कामाचा भाव तांदळाच्या तुलनेत कोसळला. पूर्वी जेवढ्या माशांना शेरभर तांदूळ यायचा, तेवढ्या माशांना आता मूठभर. घरोघरी धान कांडणाऱ्या बायकांचीही तीच गत. धानच घरात नाही तर कांडणार काय?

उलट अर्धेलीने शेती करणारा बर्गादार त्यामानाने तगला, कारण त्याचा वाटा धान्यात होता. त्याच गावातला, तेवढाच गरीब, पण रोख मजुरी घेणारा शेजारी गेला. फरक एवढाच की एकाला मोबदला भातात मिळत होता, दुसऱ्याला रुपयात.

फोडणीचं_वरण

हे न्हाव्याचं कधी डोक्यात आलं नव्हतं.

बळीराजा_७२

आमच्याकडे आत्ता कांदा सडतोय. लिलावात दर मिळत नाही, आणि पुण्यात किरकोळीत काय भाव आहे विचारा. गाडीभाडंसुद्धा निघत नाही. यावर कुणी धागा काढत नाही, १९४३ वर काढतात.

तिरपं_ऊन

बळीराजा, कांद्यावर वेगळा धागा काढा, मी नक्की येईन. तरी मुनीमजींचा नियम तिथेही लावून बघण्यासारखा आहे: दोन पेठांतल्या दरांत भाडं-हमाली-तूट वजा जाता किती उरतं?

शंकासूर

मी परत काडी टाकतो. हे सगळं "धान्य पुरेसं होतं" या पायावर उभं आहे. तो पाया डळमळीत आहे. १६ ऑक्टोबर १९४२ ला मेदिनीपूर आणि चोवीस परगण्यात चक्रीवादळ झालं, आणि त्यानंतर आमन भातावर तपकिरी ठिपक्यांची बुरशी पसरली. भातसंशोधन केंद्रांच्या नोंदींत काही जातींचं उत्पादन पार खाली आलेलं दिसतं. सरकारी आकड्यांत हे सगळं उतरलंच असेल कशावरून?

बारदान

इथे शंकासूरला मान द्यायला हवा, ही गोष्ट अजून मिटलेली नाही.

आकड्यांचा कच्चेपणा खरा आहे आणि त्याला कारणही आहे. आपल्याकडे रयतवारी होती. गावात कुलकर्णी-तलाठी होता, पीकपाहणी व्हायची, आणेवारी लागायची. ती आणेवारी कशी "लागायची" यावर वाद घाला, पण निदान कुणीतरी बांधावर जायचं. बंगालमध्ये कायमधारा. सरकारला जमीनदाराकडून ठरलेला सारा मिळायचा, पीक आलं काय आणि बुडालं काय. त्यामुळे गावपातळीवर महसुली माणूसच नाही. पिकाचा अंदाज बराचसा वरून, ऐकीव. तेव्हा ५ टक्के तूट हा आकडा शेराच्या मापाने मोजलाय असं कुणी समजू नये.

तरी समजा तूट १५ टक्के होती, २० होती. तेवढ्याने बर्गादार आणि मजूर यांच्यातला फरक समजत नाही. चितगाव आणि कलकत्त्यातला दराचा फरकही समजत नाही. तूट सगळ्यांना थोडी थोडी वाटली गेली असती तर सगळे पोट मारून जगले असते.

शंकासूर

२० टक्के तूट असेल तर दर भडकायला साठेबाजी, होड्या, प्रांतबंदी काहीच लागत नाही. तूट हे सरपण आणि बाकी सगळं वारा, असं मी म्हणेन. तुम्ही वाऱ्यालाच आग म्हणताय.

बारदान

आणि तुम्ही सरपण मोजल्याशिवाय बोलताय. मीही मोजलेलं नाही. इथे थांबू.

गोडाचा_शिरा

जहाजांचं कुणीच बोलत नाही? लंडनला पुन्हा पुन्हा मागितली. जुलैत पाच लाख टन धान्य मागितलं, ऑगस्टमध्ये युद्धमंत्रिमंडळाने त्याच्या थोड्याशा भागाचीच तयारी दाखवली. धागाकर्त्यांनी "इंग्रज वाईट होते" चालणार नाही म्हटलंय, पण हे वगळून उत्तर कसं होईल?

तिरपं_ऊन

बरोबर, वगळू नये. मी म्हटलं ते शिव्या घालून विषय बंद होऊ नये म्हणून.

मुनीमजी

जहाजाचं महत्त्व दोन प्रकारचं आहे. एक, आलेल्या धान्याचं. दुसरं, धान्य येतंय या बातमीचं. बंदरात धान्य लागणार हे पक्कं कळलं की चार महिन्यांचं धान दाबून बसलेला माणूस दोन महिन्यांचं बाजारात काढतो, कारण दर पडायच्या आत विकायचं असतं. ती बातमीच आली नाही. उलट सरकार सांगत राहिलं की तुटवडा नाही, आणि ते कुणाला पटत नव्हतं. दुष्काळसंहितेनुसार दुष्काळ अधिकृतपणे जाहीर करायचा असतो, तो शेवटपर्यंत केलाच नाही. जाहीर केला की कामं काढायची, मजुरी द्यायची, धान्य पुरवायचं बंधन येतं.

नदीकाठची_सखू

ऑक्टोबरात वेव्हेल व्हाइसरॉय झाले, कलकत्त्याला गेले आणि वाहतूक-वाटपाला लष्कर जुंपलं. तेच ट्रक, तीच माणसं आधीही होती. त्यानंतर डिसेंबरचं आमन पीक भरघोस आलं. तरी मृत्यू थांबले नाहीत, १९४४ मध्ये हिवताप, पटकी आणि देवीने माणसं जात राहिली. उपासमारीचा शेवट पिकाबरोबर होत नाही.

मदतीतही घोळ होते. पंजाबकडची बाजरी-ज्वारी लंगरखान्यात आली. पिढ्यान्‌पिढ्या भात खाणाऱ्याला अर्धवट शिजलेली अख्खी बाजरी, तीही आतडी वाळलेली असताना. पचली नाही, हगवण लागली.

फोडणीचं_वरण

बाजरी अख्खी शिजवली?! कुणीतरी मराठी बाई पाठवायची की दळायला.

कडबाकुट्टी

चेष्टा नाही, आपल्याकडे ७२ ला मिलो आला तेव्हा लोकांनी त्या तांबड्या भाकरीला शिव्याच घातल्या. पण ते पीठ करून खाता येत होतं.

बळीराजा_७२

७२ चं नाव काढलंत म्हणून. तेव्हा तर खरंच पिकलं नव्हतं. बंगालसारखं "होतं पण मिळालं नाही" असं नव्हतं. आधीची दोन वर्षंही वाईट. मग माणसं बंगालसारखी का मेली नाहीत?

बारदान

या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रश्न तुम्ही विचारलात.

१९७२-७३ मध्ये महाराष्ट्रात धान्याची तूट बंगालपेक्षा कितीतरी खोल होती, आणि ती सलग वाईट वर्षांनंतरची. राज्याबाहेरून खाजगी धान्य आणायला तेव्हाही बंधनं होती. रेशनचं धान्य पुरेसं नव्हतं. बंगालचा विचार केला तर महाराष्ट्राचं जास्त वाईट व्हायला हवं होतं.

फरक पडला तो खडी फोडण्याने. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या जवळपास माणसं होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. मोजमाप होऊन हजेरीवर रोख मजुरी. त्या रोख पैशाने बाजारात मागणी उभी केली, आणि मग बंधनं असतानाही शेजारच्या राज्यांतून धान्य आत झिरपत राहिलं, काही उजेडात, काही अंधारात. मुनीमजी म्हणाले तसं, पलीकडच्या टोकाला पैसा होता.

त्यातही सगळं गोड नव्हतं. मजुरी थकायची, मोजमापात काटछाट व्हायची, जनावरं मातीमोल भावाने गेली. पण मजूर बाजारात ग्राहक म्हणून टिकला. बंगालमध्ये तोच ग्राहक यादीतून गळला होता.

शंकासूर

हे मान्य. म्हणजे ७२ ला माझं सरपण भरपूर होतं आणि आग लागली नाही. मला विचार करावा लागेल.

वेताळ_पंचविशी

शंकासूर निरुत्तर! आता मी झाडावरून उतरतो.

मुनीमजींच्या नियमावर मात्र एक शंका. दर चढला नाही तर दुष्काळ नाही असं समजायचं का? १९७३ मध्ये इथिओपियातल्या वोलो प्रांतात माणसं मरत होती आणि देस्सेच्या बाजारात धान्याचे दर फारसे चढले नव्हते. रस्ता होता, उत्तर-दक्षिण जाणारा पक्का रस्ता वोलोतूनच जातो. व्यापारीही होते.

मुनीमजी

वेताळाने प्रश्न विचारला आणि मौन मोडायला लावलं.

ती दुसरी जात. वोलोत पीक बुडालं तसं शेतकऱ्याचं उत्पन्नही बुडालं. हातात पैसाच नाही, तर दर चढवणार कोण? भुकेल्याची मागणी बाजाराला दिसत नाही, दिसते ती पैशाची. म्हणून दर शांत, आणि त्याच पक्क्या रस्त्याने वोलोतून थोडं धान्य बाहेरही गेलं. अफार पशुपालकांचं वेगळं: गुरं हाडकुळी झाली, सगळ्यांनी एकदम विकायला काढली, गुरांचा भाव पडला. धान्याचा दर तोच असूनही एका गाईला मिळणारं धान्य आटलं.

त्यामुळे नुसता धान्याचा दर बघून भागत नाही. तिथला गरीब काय विकून धान्य घेतो ते बघायचं आणि त्या दोन्हींचं प्रमाण लावायचं. सोमालियात आजही एका बोकडाला किती किलो ज्वारी येते याची दरमहा नोंद ठेवतात, आणि मजुराच्या एका दिवसाच्या मजुरीला किती किलो, याचीही. तो आकडा काही महिन्यांत निम्म्यावर आला की पिकाचे अंदाज काहीही सांगोत, धोका आहे.

नदीकाठची_सखू

येमेनमध्ये हेच पण युद्धाच्या वाटेने. देशाचा बहुतेक गहू बाहेरून येतो, आणि तो मुख्यतः होदैदा बंदरातून. ऑगस्ट २०१५ मध्ये तिथल्या क्रेनवर बॉम्ब पडले, जहाजं दिवसेंदिवस ताटकळायला लागली, विमा आणि भाडं चढलं. २०१६ पासून सरकारी नोकरांचे पगारच थांबले. दुकानात पीठ दिसतं, फोटोत पोती दिसतात, आणि लोक म्हणतात मग उपासमार कसली.

गोडाचा_शिरा

म्हणजे त्या फोटोतल्या पोत्यांवर किंमत काय लिहिली आहे ते विचारायला हवं.

मुनीमजी

आणि फोटो काढणाऱ्याच्या शेजारी उभा असलेला माणूस दिवसाला किती कमावतो तेही.

तिरपं_ऊन

माझी गाठ बरीचशी सुटली. मी व्यापाऱ्याचा लोभ मोजत होतो, त्याच्या होडीचं माप आणि ग्राहकाचा खिसा मोजायचं राहिलं होतं.

एक मात्र अडलंय. होड्या काढून घेताना किनारी जिल्ह्यांतला जादा तांदूळही उचलला होता ना, तोही जपानी लोकांच्या हाती लागू नये म्हणून? त्याचा दरावर किती परिणाम?

बारदान

हो. मेदिनीपूर, बाकरगंज, खुलना. सुमारे ४० हजार टन. संपूर्ण बंगालच्या खपापुढे ही रक्कम किरकोळ, फार तर दोन-तीन दिवसांची. पण खरेदी काही मोजक्या दलालांमार्फत, घाईत, मिळेल त्या दराने झाली. गावात सरकार स्वतःच तांदूळ उचलतंय हे ज्याने पाहिलं, त्याने आपल्या कणगीवर झाकण घातलं. टनांपेक्षा त्या झाकणाने दर किती चढला, ते वेगळं काढून कसं मोजणार?

शंकासूर

ते मोजता येत नाही असं म्हणून सुटू नका. त्या जिल्ह्यांतले आठवड्याचे दर मिळाले तर खरेदीच्या आधीचे आणि नंतरचे लावून बघता येईल, शेजारच्या जिल्ह्याशी ताडून. कुणाकडे १९४२ च्या उन्हाळ्यातले खुलन्याचे दर आहेत का?